पीमॅक्सचा हिशोब: डॅशबोर्डवरून की जिल्हे वाटून?

नाशिकहून राज्यभर बेदाणे पाठवणारं एक दुकान धरू. गूगलच्या परफॉर्मन्स मॅक्स, म्हणजे पीमॅक्स, जाहिरातीत कोणत्या जागी किती पैसे गेले याचा पूर्ण तपशील मिळत नाही. मग निकाल लावायचे दोन मार्ग बघू.

पहिला मार्ग डॅशबोर्डचा. ३०,००० रुपये खर्च, १०० ऑर्डरी, म्हणजे ऑर्डरमागे ३०० रुपये. हे रोज बघता येतं, सोपं आहे. पण दुकानाचं नाव टाकून शोधणारी आणि आधीच कार्ट भरून ठेवलेली गिऱ्हाइकंही यात मोजली जातात. ती तशीही आलीच असती.

दुसरा मार्ग जिल्ह्यांचा. आधीच्या चार आठवड्यांत प्रत्येकी १०० ऑर्डरी देणारे दोन गट करा. एकात जाहिरात चालू, दुसऱ्यात बंद. चार आठवड्यांनी वहीत चालू गटाच्या १३० आणि बंद गटाच्या ९० ऑर्डरी दिसल्या, तर वाढीव फक्त ४०. त्याच ३०,००० रुपयांत वाढीव ऑर्डरमागे खर्च ७५० रुपये! नफा ४०० असेल तर हा धंदा तोट्याचा.

मात्र लोकेशन पर्यायात ‘Presence’ निवडा, नाहीतर बंद जिल्ह्यातही जाहिरात झिरपते. दिवाळीच्या तोंडावर ही चाचणी नको. आणि गटाला महिन्याला १५-२० ऑर्डरीच येत असतील तर फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. तिथे दुकानाच्या नावाचे शोध वगळणारं ब्रँड एक्सक्लूजन लावून डॅशबोर्डच वाचलेला बरा.