बेस दोनचा लॉगॅरिदम: गणिती फंक्शन की घातांक?

एखाद्या धन संख्येच्या बेस दोन लॉगॅरिदमचा केवळ पूर्णांक भाग हवा असेल, तर पायथनमध्ये दोन मार्ग आहेत.

```
math.floor(math.log2(x))
math.frexp(x)[1] - 1
```

पहिला मार्ग वाचायला सोपा असला, तरी तो लॉगॅरिदम आधी जवळच्या साठवता येण्याजोग्या संख्येपर्यंत पूर्णांकित करतो आणि नंतर अपूर्णांक छाटतो. `x = 2**49 - 1` घेऊ. ही संख्या मँटिसाच्या ५३ बिटांत तंतोतंत मावते. तिचा खरा लॉगॅरिदम ४९ पेक्षा सुमारे `2.6e-15` ने कमी आहे, पण ४९ च्या लगत खाली साठवता येणारी संख्या `7.1e-15` इतकी दूर आहे. त्यामुळे उत्तर ४९ वरच जाते आणि छाटायला काही उरतच नाही. खरे उत्तर मात्र ४८ आहे.

दुसरा मार्ग लॉगॅरिदम काढतच नाही. संख्या मँटिसा गुणिले दोनचा घात अशी साठवलेली असते, म्हणजे हवा असलेला पूर्णांक तिथे आयताच असतो. `frexp` मँटिसा अर्धा ते एक यांच्या दरम्यान ठेवते, म्हणून एक वजा करावा लागतो. वरील उदाहरणात घातांक ४९ मिळतो आणि उत्तर ४८ येते. माझी पसंती निःसंशय यालाच आहे. मात्र `x` हा मोठा पूर्णांक असून ५३ बिटांत मावत नसेल, तर फ्लोटमध्ये रूपांतर होतानाच तो पूर्णांकित होतो आणि `2**54 - 1` साठी हाही मार्ग ५३ ऐवजी ५४ सांगतो. तेथे `x.bit_length() - 1` वापरावे.