घरात तीन प्रोफाइल, सात महिन्यांनंतर: पिन मुलीच्या नाही, स्वतःच्या प्रोफाइलला लावा

मे महिन्यात नागपूरच्या उन्हात शाळेला सुट्ट्या होत्या आणि दुपारभर कूलरसमोर टीव्ही सुरू असायचा. जूनपर्यंत नेटफ्लिक्सवरच्या माझ्या होम स्क्रीनची पार खिचडी झाली. मला मल्याळम थ्रिलर आवडतात, पण वरच्या दोन्ही ओळींत कार्टून आणि सासूबाईंच्या डब केलेल्या कोरियन मालिका. दुसरं सबस्क्रिप्शन घ्यायला पैसे वर आले नव्हते, म्हणून त्याच खात्यात दोघींना नवीन प्रोफाइल करून दिलं. मुलीचं किड्स प्रकारातलं.

पहिला महिना मी वैतागले. त्या दोघींचं छान चाललं होतं, कारण त्यांची पाटी कोरी होती. जुनं प्रोफाइल मी स्वतःकडे ठेवलं आणि तिथेच चुकलं. आधीचं सगळं पाहिलेलं त्याच्याच खात्यावर जमा होतं. नवीन प्रोफाइल काढल्याने जुन्याची सफाई होत नाही. आता कोणी विचारलं तर सांगते, पाहायच्या यादीचा मोह सोडा आणि स्वतःच नवीन प्रोफाइल घ्या.

मी मात्र सफाई करत बसले. मोबाइलच्या ब्राउझरमधून खात्यात जाऊन माझ्या प्रोफाइलखालचं Viewing activity उघडलं. तारखेनुसार लांबच लांब यादी होती. एका भागापुढचं लपवायचं चिन्ह दाबलं की अख्खी मालिका लपवायची का तेही विचारतं. ते दिसेपर्यंत मी कार्टूनचे चाळीसेक भाग एकेक करून काढले होते! फरक लगेच दिसत नाही, एक दिवस जाऊ द्यावा लागतो.

तरी ऑगस्टमध्ये पुन्हा कार्टून आलं. रात्री मी माझ्या प्रोफाइलवर टीव्ही सोडायची आणि सकाळी मुलगी तिथूनच पुढे सुरू करायची. 'कोण पाहतंय' हा पडदा यायचाच नाही. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. पुढचा भाग आपोआप लागत असल्याने एका सकाळी सहा भाग माझ्या नावावर चढले.

पिन म्हणजे मुलांना अडवायला, असं मला वाटायचं. शेवटी चार आकडी पिन माझ्याच प्रोफाइलला लावला. आता अ‍ॅप नव्याने उघडलं की माझ्या चित्रावर कुलूप दिसतं आणि मुलगी आपणहून तिच्या चित्राकडे जाते. आमच्या टीव्हीवर एक खोट आहे. होम बटण दाबून बाहेर पडलं तर अ‍ॅप मागे सुरूच राहतं आणि परत गेलं की थेट माझंच प्रोफाइल. म्हणून मी बॅक दाबत दाबत अ‍ॅप पूर्ण बंद करते.

प्रोफाइल तीन झाले तरी स्क्रीन प्लॅनप्रमाणे एका वेळी दोनच. दिवाळीत नणंद आली, तिने मोबाइलवर सिनेमा लावला आणि इकडे सासूबाईंची मालिका लागेना. तेव्हा "मीच बंद करते गं बाई," म्हणून मी माझा फोन ठेवला.