हायड्रॉलिक बेड, १४ महिने: गादी बदलली आणि झाकण हटून बसलं

सहा महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर ‘डोळे मिटून घ्या’ असं लिहिलं असतं. दोन महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर ते वाचण्यासारखं नसतं. आता राग ओसरलाय, म्हणून लिहितेय.

आमची बेडरूम १० बाय ९ फूट. बेड भिंतीला टेकवला आणि समोर कपाट ठेवलं की मधे जेमतेम दोन फुटांची वाट उरते. ड्रॉवरवाला बेड तिथेच बाद झाला, कारण दोन फुटांचा ड्रॉवर पूर्ण उघडला की माणसाने उभं कुठे राहायचं? उरले दोन पर्याय: पायांवर उभी साधी फ्रेम, नाहीतर दोन बाजूंच्या पंपांच्या जोरावर गादीसकट झाकण वर जाणारा हायड्रॉलिक. आम्ही हायड्रॉलिक घेतला. रजया, बॅगा, जुन्या फायली असं सगळं त्याच्या पोटात गेलं आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. आठ महिने झाकण दोन बोटांनी उघडत होते.

मग पाठदुखीमुळे गादी बदलली. जुनी फोमची साधारण २० किलोची होती, नवी स्प्रिंगची ३८ किलोची. गादीचा आणि पंपांचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. पहिल्याच दिवशी झाकण उचलताना कंबरेत चमक भरली. वर गेलं तरी तिथे टिकेना, हळूहळू खाली उतरायला लागलं. मी आत वाकून फाइल शोधत होते, म्हणून हे जरा जास्तच मनाला लागलंय.

दुकानाला फोन केला. उत्तर आलं, “मॅडम, तुम्ही वजन जास्त टाकलंय, वॉरंटीत बसत नाही.” बेड विकताना गादी किती किलोची, हे एकानेही विचारलं नव्हतं. तीन फोन, एक फेरी आणि बरीच तणतण झाल्यावर एक मेकॅनिक आला. त्याने पाच मिनिटांत जे सांगितलं, ते खरं तर बिलाच्या मागे छापायला हवं.

हायड्रॉलिक म्हणतात, पण उचलण्याचं काम दाबाखालचा गॅस करतो. पंपावर त्याच्या जोराचा आकडा न्यूटनमध्ये छापलेला असतो. आमच्यावर ८०० होता. प्लायचं झाकण २० किलोचं धरलं, तर आधी एकूण वजन ४० किलो होतं, आता ५८ झालं. पंप नसता तर पायाकडच्या कडेला त्याच्या निम्मा जोर हाताने लावावा लागला असता, म्हणजे आधी २० किलो, आता २९. पंप असतो बिजागरीजवळ. त्यामुळे आपल्या हाताला जाणवणारे ९ किलो त्याच्या वाट्याला कितीतरी पटीने येतात. शिवाय झाकण बंद असताना पंप जवळजवळ आडवा पडलेला असतो, म्हणून पहिले काही इंच कुठल्याही बेडला जडच जातात. आमचं दुखणं मात्र तेवढ्यावर थांबत नव्हतं.

डावा पंप गळतही होता. दांड्यावर तेलाचा पातळ थर आला होता आणि झाकण एका बाजूला कलून वर जायचं. असं चालू ठेवलं तर बिजागरीचे स्क्रू बोर्डातून उपटून येतात, आणि एकदा भोक सैल झालं की नुसता पंप बदलून भागत नाही. मेकॅनिकने दोन्ही पंप बदलून १००० न्यूटनचे बसवले. एकच बदलला तर जुना आणि नवा सारखा जोर लावत नाहीत. पंप बसवताना गादी काढली होती, तेव्हा झाकण बंद होईना. शेवटी नवरा त्यावर चढून बसला!

आता पुन्हा सगळं सुरळीत आहे. तरी मत थोडं बदललंय. आईच्या खोलीत साधी फ्रेम आहे, खाली फूटभर मोकळी जागा. तिथे चाकांचे बसके खोके सरकवलेत. त्यातलं काहीही काढायला गादी उचलावी लागत नाही आणि केरसुणी भिंतीपर्यंत पोचते. आमच्या बेडखाली केर काढताच येत नाही. आत धूळ कमी जाते, हे मात्र कबूल. पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंसाठीच हा बेड बरा. दर आठवड्याला लागणाऱ्या वस्तू मी त्यातून बाहेर काढल्या, आणि मग लक्षात आलं की पेटी अर्धी रिकामीच आहे.

तरीही घेणार असाल तर आधी गादी ठरवा, तिचं वजन विचारा आणि तीच गादी टाकून झाकण दुकानात स्वतः उघडून बघा. अर्ध्यावर सोडून द्या. खाली घसरलं तर तो पंप त्या गादीसाठी नाही. आमच्याकडे नवे पंप असूनही आत वाकायचं असेल तर मी झाकणाला लाकडी दांडा टेकवते. नवरा हसतो. फायली शोधायला तो कधी आत वाकत नाही.