सरासरीपुढे सीडी द्यावी की फरकाची विश्वासमर्यादा?

सोयाबीनच्या गंधक चाचणीचा निकाल लिहिताना या दोन पद्धतींमध्ये अडायला होतं. "गंधकामुळे उत्पादनात २४ टक्के लक्षणीय वाढ झाली" हे वाक्य मात्र दोन्हीकडे बाद. किती किलोवरून, किती पुनरावृत्तींत, काहीच कळत नाही.

उदाहरणापुरते आकडे घेऊ: यादृच्छिक गट रचना, ४ उपचार, ४ पुनरावृत्ती.

पहिली पद्धत: "नियंत्रणात १८.२ आणि गंधकात २२.६ क्विंटल प्रतिहेक्टर (पुनरावृत्ती ४, सरासरीची प्रमाण त्रुटी १.०, ५ टक्के पातळीवर सीडी ३.२)."

दुसरी: "गंधकामुळे उत्पादन ४.४ क्विंटल प्रतिहेक्टर वाढले (९५ टक्के विश्वासमर्यादा १.२ ते ७.६, पुनरावृत्ती ४)."

गणित एकच आहे. त्रुटीचे स्वातंत्र्यांश ९, म्हणून टी २.२६; सीडी = २.२६ × १.४१ × १.०. तरी वाचकाला मिळतं ते वेगळं. सीडीवरून तो कोणतेही दोन उपचार ताडून पाहतो, पण वाढ १.२ इतकी कमीही असू शकते हे त्याच्या लक्षात येत नाही. खर्च वसूल होईल का, हे तर त्यावरच ठरतं.

घोटाळा बहुतेक पहिल्या पद्धतीत होतो. नुसतं "२२.६ ± १.०" लिहिलं की ते प्रमाण विचलन वाटतं, ते इथे २.० आहे. आणि एका वाफ्यातली दहा झाडं मोजली म्हणून पुनरावृत्ती दहा होत नाहीत, वाफेच मोजायचे.

अनेक उपचारांच्या तक्त्याला सीडी बरी. एकच शिफारस मांडायची असेल तर विश्वासमर्यादा, सोबत दोन्ही सरासरी.