नेट पद्धतीने खरेदीची सीडी: इतवारीतल्या दुकानाच्या वह्यांचा काही महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या इतवारीत नळ-फिटिंगचं होलसेल दुकान आहे, त्याचे हिशेब माझ्याकडे असतात. माल बराचसा राजकोटहून येतो आणि बिलाखाली ठरलेली ओळ असते: १० दिवसांत पेमेंट केल्यास २ टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. गेल्या दिवाळीच्या आधीपासून ही सीडी मी ग्रॉसऐवजी नेट पद्धतीने लिहितो आहे.

बाजारात जवळजवळ सगळे ग्रॉसनेच लिहितात. बिल पूर्ण रकमेने चढवायचं, पेमेंट वेळेत गेलं की जी सीडी मिळाली ती जमा करायची. न मिळालेल्या सीडीची कुठेही नोंद होत नाही. शेठना वर्षाअखेरीला 'सीडी मिळाली, इतके हजार' असं दिसतं आणि ते खूश होतात. किती मिळायला हवी होती, हे त्या आकड्यावरून कळायला वाव नसतो. नेट पद्धतीत उलटं चालतं. माल घेतला त्या दिवशीच खरेदी २ टक्के कमी धरून लिहायची, आणि वेळ चुकली तर तेवढी रक्कम 'हुकलेली सीडी' या खर्चाच्या खात्यात टाकायची.

दिवाळीच्या आधीच्या एका महिन्याचाच हिशेब घ्या, आकडे सोपे करून देतो. जीएसटी सोडून तीन बिलं: २ लाख, दीड लाख आणि १ लाख. पहिलं आणि तिसरं वेळेत फेडलं, दीड लाखाचं उशिरा गेलं. ग्रॉसने खरेदी ४,५०,०००, वजा मिळालेली सीडी ६,०००, म्हणजे ४,४४,०००. नेटने खरेदी ४,४१,००० आणि खाली वेगळी हुकलेली सीडी ३,०००. बेरीज तीच ४,४४,०००. सगळा माल ५,२०,००० ला विकला असं धरलं, तर ग्रॉसने ढोबळ नफा ७६,०००, नेटने ७९,०००, आणि ३,००० खाली वजा झाल्यावर शेवटचा नफा दोन्हीकडे सारखाच. मग फरक काय पडला? माल कितीला पडतो हा प्रश्न आणि पैसे उशिरा दिल्याची किंमत किती हा प्रश्न वेगळा झाला. पहिला खरेदी बघणाऱ्याचा, दुसरा पेमेंट करणाऱ्याचा. ग्रॉसमध्ये दोघांचे आकडे एकाच भांड्यात शिजतात.

माल शिल्लक राहिला की मात्र नफाही बदलतो. उशिरा फेडलेल्या बिलातला अर्धा माल गोदामात पडून आहे असं समजा. ग्रॉसने त्याची किंमत ७५,०००, नेटने ७३,५००. म्हणजे ग्रॉसमध्ये आपल्या उशिराचे १,५०० रुपये शिल्लक मालात दडून पुढच्या वर्षात जातात, नेटमध्ये ते याच वर्षी खर्चात बसतात. मला हेच बरोबर वाटतं, कारण पेमेंट लांबवल्याने नळाची किंमत वाढत नाही. आपल्याकडची सर्रास चालणारी तऱ्हा तर याहून वाईट: मिळालेली सीडी थेट 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायची आणि शिल्लक माल मात्र बिलाच्या दराने धरायचा. तिथे माल विकण्याआधीच नफा दिसू लागतो.

आता त्रासाचं सांगतो. पुस्तकातली सरळ नेट नोंद आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. पुरवठादार पार्टी सीडीसाठी जीएसटी नसलेली क्रेडिट नोट देते, त्यामुळे कर पूर्ण बिलावर लागतो आणि कराचं क्रेडिटही पूर्ण मिळतं. खरेदी १,४७,००० ने चढवली तर जीएसटी पोर्टलवरच्या २बी मधल्या दीड लाखाशी जुळत नाही, शिवाय पार्टीचं स्टेटमेंट आलं की खातं ३,००० ने मागे. म्हणून मी बिल पूर्णच चढवतो (दीड लाख अधिक २७,००० आयजीएसटी, पार्टीच्या खात्याला १,७७,०००) आणि सोबत एक जर्नल करतो: 'अपेक्षित सीडी' नावे ३,०००, खरेदी जमा ३,०००. वेळेत पेमेंट गेलं की पार्टीच्या नावे १,७७,०००, बँक जमा १,७४,०००, अपेक्षित सीडी जमा ३,०००. उशीर झाला तर बँकेतून पूर्ण रक्कम जाते, आणि हुकलेली सीडी नावे, अपेक्षित सीडी जमा. ताळेबंदात अपेक्षित सीडीची बाकी देण्यांमधून वजा दाखवायची.

या जर्नलने सॉफ्टवेअरमधला मालाचा दर मात्र बदलत नाही. शिल्लक मालाची किंमत हाताने २ टक्के उतरवावी लागते. आणि ३१ मार्चला एक काम विसरून चालत नाही: ज्या बिलांचे १० दिवस उलटले पण पेमेंट अजून गेलेलं नाही, त्यांची अपेक्षित सीडी त्याच दिवशी हुकलेलीत टाकायची. नाहीतर देणं कमी आणि नफा जास्त दिसतो. अपेक्षित सीडीच्या खात्यात एखादी जुनी तारीख लोंबकळत दिसली की समजायचं, हे राहिलंय.

एवढा खटाटोप करून मिळालं काय? हुकलेल्या सीडीचं खातं मी पार्टीवार ठेवलं आणि प्रत्येक नोंदीत कारण लिहीत गेलो. शेठचं ठाम मत होतं की पैसा अडकलेला असतो म्हणून सीडी जाते. नोंदी वेगळंच सांगत होत्या. दहा दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले जातात, पण माल ट्रान्सपोर्टने येणार, गोदामात उतरणार, मोजणी होणार, तेव्हा बिल माझ्या टेबलावर येणार. तोवर निम्मी मुदत वाटेतच खर्ची पडलेली असायची. पैसा नसल्याने हुकलेली बिलं त्या मानाने थोडीच होती.

त्या थोड्या बिलांसाठीही शेठना हिशेब मांडून दाखवला. पुस्तकात २ भागिले ९८, वीस दिवसांसाठी, म्हणजे वर्षाला सुमारे ३७ टक्के असं असतं. आपल्याकडे बिलातला करही पार्टीला लवकर द्यावा लागतो आणि त्यावर सीडी नाही, म्हणून १,७४,००० वर ३,०००, वर्षाला साधारण साडेएकतीस टक्के. सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटचं, व्याज ११ टक्के धरलं तर वीस दिवसांचे १,०५० च्या आसपास होतात. ३,००० वाचवायला १,०५० घालवणं परवडतं, सीसीत जागा असेल तर.

"काकाजी, सीसी वापरा पण सीडी सोडू नका," असं मी शेठना म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "अन् माल खराब निघाला तर? पैसे तर देऊन बसलो ना आपण!" हे खोटं नाही. म्हणून नवीन पार्टीचं बिल आम्ही अजूनही मोजणी होईपर्यंत रोखतो, सीडी गेली तरी. जुन्या पार्टीचं बिल व्हॉट्सॲपवर आलं की त्याच दिवशी चढवतो. राजकोटच्या एका पार्टीने तर मुदत माल पोचल्याच्या तारखेपासून मोजायला होकार दिला. त्यांच्या खात्याची यादी समोर ठेवल्यावर फार घासाघीस करावी लागली नाही.

जे पुरवठादार सीडी बिलातच वजा करून देतात किंवा देतच नाहीत, त्यांच्यासाठी यातलं काहीही करू नका, नुसती नोंदी वाढवण्याची हौस होईल. ज्यांच्याकडे सीडीची बिलं महिन्याला दोन-चारच असतात त्यांनी ग्रॉसच ठेवावं आणि बिलाच्या फाइलवर शेवटची तारीख लाल पेनाने लिहावी.