ग्रोथ हॉर्मोनची टेस्ट आत्ताच करावी की आधी सहा महिने उंची मोजावी?

मूल वर्गात सगळ्यात बुटकं असलं की आईबाबा माझ्याकडे येतात, आणि बसता बसताच विचारतात, "डॉक्टर, ग्रोथ हॉर्मोनची टेस्ट एकदाची करूनच टाकूया का?" मी बऱ्याचदा "आत्ता नको" म्हणते. हे टाळण्यासाठी म्हणत नाही. त्यामागे काय विचार असतो, तो दोन मुलांच्या कागदांवरून सांगते. दोघंही मुलगे, दोघंही नऊ वर्षांचे, दोघांचीही उंची ११५ सेंटिमीटर, म्हणजे भारतीय मुलांच्या वाढीच्या तक्त्यात शंभरातली तीनच मुलं जिच्या खाली असतात, त्या सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली. एक साताऱ्याचा, एक चिंचवडचा.

आधी आईवडिलांची उंची बघायची. मुलासाठी दोघांच्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे करायचे, मुलीसाठी १३ वजा करून निम्मे. साताऱ्याच्या मुलाचे वडील १७० आणि आई १५६, म्हणून अपेक्षा साधारण १६९.५ सेंटिमीटरची, आठेक सेंटिमीटर इकडेतिकडे. चिंचवडच्या घरी आकडा १७१.५ आला. म्हणजे घराणंच बुटकं आहे, असं दोघांच्याही बाबतीत म्हणता येत नव्हतं.

मग डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे. त्यावरून हाडांचं वय कळतं. साताऱ्याच्या मुलाचं ते सात निघालं, चिंचवडच्या मुलाचं सहा. इथे पालकांचा नेहमी गोंधळ होतो. हाडं मागे आहेत म्हणजे हॉर्मोन कमी, असं ते धरून चालतात. उशिरा वयात येणाऱ्या निरोगी मुलाची हाडंही मागे असतात आणि हॉर्मोन कमी असलेल्या मुलाचीही. एकट्या एक्स-रेवरून दोघांत फरक करता येत नाही.

फरक केला तो वाढीच्या वेगाने. चार ते दहा वर्षांच्या मुलाने वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढायला हवं. चार सेंटिमीटरच्या आत वाढलं, तर मी कान टवकारते. पण हा वेग काढायचा तर मोजमाप चोख हवं. बूट-मोजे काढलेले, टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं, नजर समोर, आणि डोक्यावर सपाट फळी येणारं, भिंतीत पक्कं बसवलेलं मोजपट्टीचं यंत्र. मी तीनदा मोजते आणि सरासरी लिहिते. शक्यतो त्याच यंत्रावर, सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर दबू शकतो. सहा महिन्यांत वाढच अडीच सेंटिमीटरची असते. त्यात एका सेंटिमीटरची चूक झाली की वर्षाच्या हिशेबात ती दोनची होते आणि निरोगी मूल आजारी ठरतं. दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा प्रेमाने जपाव्यात, पण त्यावरून निर्णय करू नये.

साताऱ्याचा मुलगा सहा महिन्यांत २.६ वाढला, चिंचवडचा १.७. वर्षाचा हिशेब ५.२ आणि ३.४.

दरम्यान दोघांचं रक्त तपासून झालं होतं. हिमोग्लोबिन, ईएसआर, किडनी, कॅल्शियम, थायरॉइडचे फ्री टी४ आणि टीएसएच, शिवाय गव्हाची अॅलर्जी म्हणून लोक ओळखतात त्या सिलियाक आजाराची तपासणी. ही पायरी पुढच्या पायरीची तयारीसुद्धा आहे. थायरॉइड कमी असताना ग्रोथ हॉर्मोनची टेस्ट केली तर ती खोटी नापास येते. टीएसएच एकटं बघूनही भागत नाही: दोष थायरॉइडला हुकूम देणाऱ्या, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतच असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतं आणि फ्री टी४ कमी निघतं. मुलगी बुटकी असेल तर याच टप्प्यावर गुणसूत्रांची तपासणी करते, बाकी काही लक्षण नसलं तरी, कारण टर्नर सिंड्रोमच्या काही मुलींमध्ये उंचीशिवाय काहीच दिसत नाही.

इथपर्यंत दोघांची वाट एकच होती.

साताऱ्याच्या मुलाच्या फाइलीत मात्र आणखी एक कागद होता. माझ्याकडे येण्याआधीच एका ठिकाणी त्याची क्लोनिडीन टेस्ट, म्हणजे औषध देऊन ग्रोथ हॉर्मोन मोजण्याची टेस्ट, झाली होती. सगळ्यात वरचा आकडा ६.८, म्हणजे नापास, आला होता आणि रोज इंजेक्शन सुरू करायला सांगितलं होतं. आईला विचारलं तेव्हा कळलं, सकाळी त्याने चहा-बिस्किटं खाल्ली होती. खाल्ल्यावर ग्रोथ हॉर्मोन दबतं, म्हणून ही टेस्ट उपाशीपोटीच करायची असते. तसं नसतं तरीही मी त्या एका आकड्यावर गेले नसते. पूर्ण निरोगी मुलंही एखाद्या टेस्टमध्ये नापास होतात, म्हणूनच दोन वेगवेगळ्या औषधांच्या टेस्ट नापास झाल्याशिवाय कमतरता धरायची नाही, असा दंडक आहे. ग्रोथ हॉर्मोनच्या हुकमावरून शरीरात तयार होणारं त्याचं आयजीएफ-१ हाडांच्या वयाशी, म्हणजे सात वर्षांशी ताडून पाहिलं, ते व्यवस्थित होतं. सात वर्षांच्या मुलांमध्ये ११५ सेंटिमीटर ही उंचीही चारचौघांसारखीच. वडील म्हणाले, "मी अकरावी-बारावीत एकदम उंच झालो." एवढं पुरेसं होतं. इंजेक्शन नाही, दर सहा महिन्यांनी मोजमाप.

चिंचवडच्या मुलाचं आयजीएफ-१ हाडांच्या वयाच्या मानानेही कमी होतं. कुपोषणातही ते कमी येतं, पण हा मुलगा पोटाने गुबगुबीत होता. आता टेस्ट करण्यात अर्थ होता.

रक्तातलं ग्रोथ हॉर्मोन कधीही एकदा मोजून उपयोग नसतो. ते थांबून थांबून, मुख्यतः गाढ झोपेत सुटतं. दिवसा निरोगी मुलातही जवळजवळ शून्य सापडतं. म्हणून औषध देऊन ते बाहेर काढायचं आणि दर अर्ध्या तासाने रक्त घ्यायचं. सुई एकदाच टोचतात, हातात कॅन्युला राहते. क्लोनिडीनची गोळी असते. मूल झोपाळतं आणि रक्तदाब उतरतो, म्हणून संपल्यावरही काही वेळ झोपवूनच ठेवतात. ग्लुकागॉनचं इंजेक्शन असतं आणि टेस्ट तीन तास चालते. मळमळ, उलटी होते आणि नंतर साखर उतरू शकते, म्हणून खाऊ घालून, साखर बघूनच घरी पाठवायचं. क्लोनिडीन सोसायला सोपं. ग्लुकागॉनचा फायदा असा की त्यातच कॉर्टिसोलही बघता येतं. अकरा-बारा वर्षांचं होऊनही वयात न आलेलं मूल असेल, तर आधी थोडे दिवस लैंगिक हॉर्मोन देऊन मग टेस्ट करतात, नाहीतर खोटी नापासी फार.

त्याचे आकडे ३.८ आणि ४.६ आले. पासाची रेषा प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार ७ किंवा १० धरतात. हा दोन्हींच्या खाली होता. मग एमआरआय. पिट्युटरी लहान आणि तिचा देठ बारीक दिसला. रोज रात्रीचं इंजेक्शन सुरू झालं.

म्हणून निवड करायची झाली तर माझं मत असं. मूल खातंपितं, खेळतं आहे, पहिलं रक्त ठीक आहे आणि जुनं विश्वासार्ह मोजमाप हाताशी नाही, तर सहा महिने मोजणं हीच खरी टेस्ट आहे. यात गमावण्यासारखं थोडंच असतं. पण बाळपणी साखर उतरून झटके आले असतील, जन्मतः लिंग फार लहान असेल, डोकेदुखी किंवा नजरेची तक्रार असेल, मेंदूला रेडिएशन झालेलं असेल किंवा उंची तक्त्याच्या फारच खाली असेल, तर मी सहा महिने थांबत नाही. अशा मुलाचं एमआरआयसुद्धा आधी होऊ शकतं. आणि मुलगा तेरा-चौदाचा, मिसरूड फुटलेला असेल तर हाडं जुळत आलेली असतात, तिथेही थांबायला वेळ नसतो.

पहिल्या भेटीला येताना शाळेच्या आरोग्य तपासणीची कार्डं आणि लसीकरणाचं पुस्तक घेऊन या. त्यात जुन्या उंचीच्या नोंदी सापडल्या, तर कधीकधी ते सहा महिनेही वाचतात.