रेयॉन, साटीन, वेलवेट आणि मशीनचा डेलिकेट मोड : सातआठ महिने वापरल्यानंतर

सात किलोची फ्रंट लोड मशीन आहे, कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही कारण डेलिकेट्स किंवा हँड वॉश नावाचा प्रोग्राम आता जवळपास सगळ्याच मशीनमध्ये असतो. उन्हाळ्यापासून घरातले रेयॉनचे कुर्ते, साटीनचे नाइटसूट आणि लग्नाच्या सीझननंतर वेलवेटचे ब्लाउज असं सगळं त्याच प्रोग्रामवर धुतेय, त्याचा अनुभव लिहिते. निकाल आधीच सांगून टाकते, रेयॉनला पास, साटीनला अटींवर पास, वेलवेट मात्र कुठलं आहे त्यावर.

रेयॉनपासूनच सुरू करते कारण सगळ्यात जास्त रडारड त्याचीच असते. कुर्ता आटला की आपण मशीनला शिव्या घालतो पण मशीन निम्मीच दोषी असते. कापड मिलमध्ये फिनिश होताना लांबीला ताणलेलं असतं, पहिल्यांदा पाणी लागलं की ते सैल पडून मूळ जागी येतं, शिवाय रेयॉनचा धागा पाणी पिऊन फुगतो आणि जाड झालेला धागा विणीत जास्त जागा खातो म्हणून कापड उभ्यात आखडतं. हे बादलीत धुतलं तरी होणारच. म्हणून तर आपले जुने टेलर शिवायच्या आधी कापड पाण्यातून काढायला सांगतात, रेडिमेडमध्ये ते कोण करतंय! मशीन त्यात भर घालते ती गरम पाण्याने, जोरात आपटण्याने आणि ड्रायरने.

एका कुर्त्याचं माप घेऊन ठेवलं होतं ते देते. खांद्यापासून खालपर्यंत ४६ इंच. थंड पाणी, डेलिकेट्स, स्पिन ४००, जाळीच्या पिशवीत उलटा करून घातला. वाळल्यावर ४४.५ भरला, म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडं वर. मग थोडा दमट करून उलट्या बाजूने इस्त्री केली, एका हाताने खालची कड हलकी ओढत ओढत, तर ४५.२५ पर्यंत परत आला. पुढच्या धुण्यांना तिथेच आसपास राहिला. साधारण तसाच दुसरा कुर्ता माझ्या जावेने तिच्या मशीनला ४० डिग्रीच्या रोजच्या प्रोग्रामवर जीन्ससोबत टाकला आणि वर ड्रायर लावला, तो गुडघ्याच्या वर गेला आणि ओढूनही फारसा आला नाही.

अस्तरवाल्या कुर्त्यांचं वेगळंच. वरचं कापड रेयॉन आणि आतलं अस्तर पॉलिस्टर असेल तर रेयॉन आटतं, अस्तर आहे तेवढंच राहतं, मग खालून अस्तर डोकावायला लागतं आणि साइडच्या शिवणीला चुण्या पडतात. याला धुण्यात काही उपाय नाही, अस्तराची कड उसवून पुन्हा दुमडून घ्यावी लागते. विकत घेतानाच अस्तर वरच्या कापडापेक्षा चांगलं इंच दीड इंच आखूड आहे का बघायचं.

आणि एक, "नाजूक आहे, हातानेच धू" हे रेयॉनच्या बाबतीत मला तरी पटत नाही. रेयॉन ओलं असताना त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. आपण हाताने धुतो म्हणजे काय करतो, साबण चोळतो, ब्रश मारतो आणि शेवटी दोन्ही हातांनी करकचून पिळतो, तेच त्याला सगळ्यात वाईट. काखेजवळ आणि साइड कटच्या टोकाला कापड विरतं ते यानेच. त्यापेक्षा जाळीच्या पिशवीत ४०० चं स्पिन बरं. ८०० च्या पुढे नेलं की अशा सुरकुत्या बसतात की इस्त्रीवाला पण वैतागतो. टॉप लोडवाल्यांनी मात्र जपून, तिथे कपडे एकमेकांत दोरखंडासारखे गुंडाळले जातात आणि ओल्या रेयॉनला तो पीळ सोसत नाही, पिशवी हवीच.

साटीनची भानगड आटण्याची नाही, चकाकीची. त्याच्या विणीत वरचे धागे लांब लांब मोकळे पडलेले असतात, त्यावर प्रकाश सरळ परावर्तित होतो म्हणून शाइन दिसते. तेच धागे कशाला घासले की केसाळ होतात आणि तो भाग मेणचट, मळकट दिसायला लागतो. म्हणून आमच्याकडे साटीनसोबत जीन्स, हुकवाले कपडे आणि टॉवेल कधीच नाही, चेन असेल तर लावून, उलटं करून, ड्रम अर्ध्याहून कमी. दुसरं म्हणजे पावडर. थंड पाण्यात ती नीट विरघळत नाही आणि आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्यामुळे गडद मरून नाइटसूटवर पांढुरके ओरखडे दिसायचे आणि वाटायचं शाइन गेली. लिक्विड अर्धं झाकण घालून एक जास्तीचं रिन्स लावलं तर बरीच चकाकी परत आली, म्हणजे धागा ठीक होता, वर साबणाचा थर होता. हे ओळखायचं कसं, तर फिका भाग ओला करून बोटाने हलका चोळायचा, बुळबुळीत लागला किंवा फेस आला तर साबण, आणि वाळल्यावर उजेडात तिरकं धरून बारीक केस उभे दिसले तर घासलं गेलंय, ते काही परत येत नाही. धागा ओढला गेला तर कापू नका, सुईने मागच्या बाजूला घ्या. हे सगळं पॉलिस्टर साटीनचं बोलतेय, रेशमी साटीन मी मशीनला लावत नाही, त्यावर पाण्याचे डाग सुद्धा पडतात.

आता वेलवेट. दुकानदार सगळ्यालाच "वॉशेबल आहे ताई" म्हणतो, त्याच्यावर जाऊ नका. शिवणीच्या आतून एखादा धागा काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर, कागदासारखा जळून मऊ राख झाली तर रेयॉन किंवा कॉटन. लव वेगळी आणि मागचं कापड वेगळं असू शकतं, म्हणून दोन्हीचा धागा बघायचा. स्ट्रेच होणारं पॉलिस्टर वेलवेट मशीनला छान निघतं. रेयॉनच्या लवेचं असेल तर आत दुमडलेल्या कडेवर पाण्याचा एक थेंब टाकून वाळू द्या, लव चिकटून तिथे चट्टा राहिला तर सरळ ड्रायक्लीन, वर जरदोसी वगैरे असेल तर चाचणीच नको.

मशीनला लावायचं ते उलटं करून, थंड पाणी, स्पिन ४०० किंवा बंद. एकटाच जड ड्रेस घातला तर ड्रमचा तोल जातो आणि मशीन स्पिनसाठी नुसती घुटमळत बसते, तेव्हा सोबतीला जुनी गुळगुळीत कॉटनची ओढणी टाकायची, टॉवेल टाकला तर त्याचे तंतू लवेत असे अडकतात की निवडत बसा. प्रोग्राम संपला की लगेच काढायचं. तासभर ड्रममध्ये दाबून राहिलं की घडीची रेघ लवेवर बसते, ती इस्त्रीने काढायला गेलात तर तिथे कायमचा चपटा चकचकीत पट्टा होतो. हँगरला लावून आतल्या बाजूने स्टीमर फिरवायचा आणि लव ओली असतानाच मऊ ब्रशने एकाच दिशेने उठवायची. स्टीमर नसेल तर बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ धरायची आणि तिथे टांगायचं, वेळ लागतो पण काम होतं.

मशीनबद्दल एकच तक्रार, डेलिकेट्स लावलं की स्पिन आपोआप ६०० वर येतं, दर वेळी आठवणीने ४०० करावं लागतं.